प्लॅन मोडला की अपमान का वाटतो?

सहलीवरून, शनिवार-रविवारवरून, नाहीतर रोज रात्री किती वाजता जेवायचं यावरून नवरा-बायकोत जी धुसफूस चालते, तिचं निदान आपण फार पटकन करून टाकतो. सगळं आधी ठरवणारा हेकेखोर आणि आयत्या वेळी ठरवणारा बेफिकीर, म्हणजे स्वभावच जुळत नाहीत! पण भांडण वाढलं की दोघांच्याही तोंडी एकच वाक्य येतं: ‘तुला माझी किंमतच नाही.’ हे वाक्य गांभीर्याने घ्यायला हवं असं मला वाटतं. स्वभाव वेगळे असले म्हणून कुणाला अपमान वाटत नाही. एकाला सिनेमा आवडतो आणि दुसऱ्याला नाटक, यावरून कुणी किंमत काढत नाही. इथे ती निघते, कारण एकाच्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडतो आणि ज्याच्यामुळे पडला त्याला तो दिसतच नाही.

पहिला गैरसमज असा की, आधी ठरवणाऱ्या माणसाला सगळं आपल्या हातात ठेवायचं असतं. मुंबईहून डिसेंबरात मालवणला जायचं आहे, असं समजा. रेल्वेचं आरक्षण सध्या प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. कोकणकन्या किंवा तुतारीची कुडाळपर्यंतची तिकिटं हवी असतील, तर कुणीतरी ऑक्टोबरातच सकाळी आठला फोन हातात घेऊन बसायला हवं. त्याआधी मुलांच्या सहामाहीच्या तारखा, दोघांच्या रजा, घरी थांबणाऱ्या आईंच्या औषधांची सोय हे सगळं जुळवायला हवं. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखतींतून हेच अदृश्य काम उलगडून दाखवलं. त्याचे टप्पे चार: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ठरलेलं पार पडतंय ना यावर नजर ठेवणं. निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेत होते. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांकडे होता. म्हणून नवरा सहज म्हणतो, ‘अगं, पुढच्या आठवड्यात जाऊ या ना, काय फरक पडतो?’ तेव्हा त्याच्या दृष्टीने फक्त तारीख बदललेली असते. तिच्या दृष्टीने तिकिटं रद्द करणं, मालवणच्या घरमालकांना फोन करून ॲडव्हान्सचं विचारणं, साहेबांकडे पुन्हा रजेचा विषय काढणं आणि आईंजवळ राहायला येणाऱ्या नणंदेला कळवणं, एवढं सगळं पुन्हा तिच्या अंगावर आलेलं असतं. ‘काय फरक पडतो’ हे शब्द तिला झोंबतात, कारण तिने केलेलं काम काम म्हणून धरलेलंच नाही, असा त्यांचा अर्थ होतो. अनेक घरांत या भूमिका उलट असतात. नवरा वेळापत्रक करतो आणि बायको ऐनवेळी बेत बदलते. तिथेही दुखणं हेच असतं.

दुसरा गैरसमज याच्या उलट बाजूचा आहे: आयत्या वेळी ठरवणारा आळशी किंवा बेजबाबदार असतो, हा. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच यांनी २०१६ मध्ये फुरसतीच्या गोष्टींवर संशोधन प्रसिद्ध केलं. मौजेच्या गोष्टीला ठरावीक वेळ बांधून दिली की ती थोडीशी कामासारखी वाटू लागते आणि तिच्यातली मजा कमी होते, असं त्यांना आढळलं. मालवणात पहाटे साडेपाचला उठायचं, सातला तारकर्लीचा किनारा, साडेनऊला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, एकला जेवण, अशी यादी हातात आली की काही माणसांना सुट्टीतही ऑफिसात बसल्यासारखं होतं. तो नखरा नाही, खरा अनुभव आहे. शिवाय त्या यादीत आपल्याला काय हवं होतं हे कुणी विचारलेलंच नसतं. घड्याळ न पाहता, एक गोष्ट मनासारखी झाली की दुसरीकडे वळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांचीही कामं होतात. अशा जोडीदाराला दर तासाला ‘चला, उशीर होतोय’ ऐकावं लागलं की आपल्याला लहान मुलासारखं वागवलं जातंय असं वाटतं. अपमान त्याचाही होतो, आणि ठरवणाऱ्याला तो सहसा कळत नाही.

तिसरा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो: ‘आदर असता तर हे वेगळं सांगावं लागलं नसतं.’ पण न सांगता दुसऱ्याचं काम दिसतंच असं नाही. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांना विचारलं होतं की घरातल्या निरनिराळ्या कामांत तुमचा वाटा किती. दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर जात होती. यात खोटेपणा असायलाच हवा असं नाही. आपण केलेलं आपल्याला जास्त सहज आठवतं. मग दुसऱ्याचं न दिसलेलं काम आपण नसलेलं धरतो आणि त्याच्या वागण्याला हेतू चिकटवतो. थॉमस ब्रॅडबरी आणि फ्रँक फिंचम यांनी १९९० मध्ये वैवाहिक जीवनावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. संसारात असमाधानी असलेली माणसं जोडीदाराच्या खटकणाऱ्या वागण्यामागे स्वार्थ आणि कायमचा स्वभावदोष पाहतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. उशीर एकदाच झालेला असतो, पण ‘तू असाच आहेस’ हा निकाल कायमचा लागतो.

यावर कुणी म्हणेल, सगळंच न दिसण्यावर ढकलायचं का? काही माणसं खरोखरच जोडीदाराची पर्वा करत नाहीत. हा आक्षेप बरोबर आहे, आणि ते ओळखायची एक खूण आहे. जो रोज सात बेचाळीसची लोकल चुकवत नाही, साहेबांच्या मीटिंगला पाच मिनिटं आधी पोहोचतो आणि फक्त घरच्या बाबतीत ‘बघू’ म्हणतो, त्याला स्वभावाचं कारण देता येणार नाही. वेळ पाळणं त्याला जमतं. घरच्यांच्या वेळेला त्याने खालची जागा दिलेली आहे. तसंच, जोडीदाराने सुचवलेला एकही बदल जो कधीच मान्य करत नाही, पैसे आणि परवानगी दोन्ही स्वतःकडे ठेवतो, त्याचं नियोजन म्हणजे सत्ता आहे. अशा ठिकाणी वेळापत्रकाचा तोडगा कामाचा नाही, तिथे हक्कांबद्दलच बोलावं लागेल.

बाकीच्या घरांसाठी टोनिएटो-मालकोच यांच्या अभ्यासातच एक उपयोगी धागा आहे: नेमकी वेळ न देता ‘दुपारनंतर कधीतरी’ असं ढोबळ ठरवलं तर मजा तितकी कमी होत नाही. मालवणच्या बेतावर हे बसवून पाहता येतं. ज्या गोष्टी उशीर केला तर मिळतच नाहीत, म्हणजे रेल्वे, राहायची खोली, रजा आणि आईंची सोय, त्या ६० दिवस आधी पक्क्या करायच्या. किल्ल्याची होडी समुद्र कसा आहे त्यावर अवलंबून असते, त्यामुळे दोनपैकी एक सकाळ तिच्यासाठी ठेवायची, तास ठरवायचा नाही. उरलेला वेळ यादीत घालायचाच नाही. आणि पक्क्या गोष्टींपैकी एखादी ज्याला बदलायची असेल, त्यानेच घरमालकांना, नणंदेला फोन करून आणि रेल्वेच्या साइटवर जाऊन ती बदलायची. ‘काय फरक पडतो’ याचं उत्तर तेव्हा त्याला त्या फोनांवरच मिळतं.