‘ओ’ दिसणारं, ‘ओ’ नसणारं

सीबीडी बेलापूरच्या एखाद्या रुग्णालयात रत्नागिरीकडचा एक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला आहे असं धरू. नमुना रक्तपेढीत गेला. पेशींवर अँटी-ए टाकलं, अँटी-बी टाकलं; गुठळी कुठेच नाही. म्हणजे गट ‘ओ’. घाईत असलेला माणूस इथेच थांबेल आणि इथेच घात होईल.

कारण चाचणीला दुसरी बाजू असते. रुग्णाचं रक्तद्रव ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींत मिसळून पाहतात. खऱ्या ‘ओ’ माणसाचं रक्तद्रव ओ पेशींना हात लावत नाही. आपल्या रुग्णाचं मात्र त्यांच्याही गुठळ्या करतं. हा बॉम्बे रक्तगट. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या पेशींवर नसतो. ‘ओ’च्या पेशींवर तो भरपूर असतो, म्हणून सर्वदात्याची म्हणवली जाणारी पिशवी या रुग्णाला विषासमान. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रुग्णांवरून हा गट ‘लॅन्सेट’मध्ये प्रथम नोंदवला. पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो तुलनेने जास्त आढळला, आणि बेलापूरमध्ये कोकणातली कुटुंबं कमी नाहीत.

उलटी चाचणी चुकली, तरी क्रॉसमॅच उरतो. रुग्णाचं रक्तद्रव आणि पिशवीतल्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला एकत्र ठेवतात. इथे प्रत्येक ‘ओ’ पिशवी जुळायला नकार देते. अशा वेळी अँटी-एच लावून पाहायचं: बॉम्बे पेशी गप्प राहतात.

आणि हेही चुकलं तर? मग राखण खाटेपाशी. दोघांनी मिळून रुग्णालाच नाव विचारायचं, मनगटपट्टी, नोंदणी क्रमांक, पिशवीवरचा क्रमांक, गट आणि मुदत ताडून पाहायची. माझ्या मते बहुतेक अनर्थ प्रयोगशाळेत नव्हे, इथेच घडतात: नमुन्यावर शेजारच्या खाटेची चिठ्ठी लागते. पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडतात आणि रुग्णाजवळून हलत नाहीत. थंडी वाजणं, ताप एक अंशाने चढणं, सुई टोचलेल्या जागी आग, कंबरदुखी, छातीत दाब, किंवा नुसतं “काहीतरी बिनसलंय” हे वाक्य. भूल दिलेला रुग्ण बोलत नाही. त्याच्या बाबतीत रक्तदाब कोसळणं, जखमेतून झिरपणं आणि लालसर लघवी एवढ्याच खुणा.

तेव्हा रक्त लगेच बंद करायचं, सुई काढायची नाही. नवी नळी लावून सलाईन चालू ठेवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. चिठ्ठ्या पुन्हा ताडायच्या. पिशवी नळीसकट, सोबत रुग्णाचा ताजा नमुना, रक्तपेढीकडे. नमुना फिरवल्यावर वरचं द्रव गुलाबी दिसलं, तर पेशी फुटल्या.

बॉम्बे गटाच्या माणसाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. दाता शोधताना सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. हा गट आईवडील दोघांकडून येतो, त्यामुळे प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता किमान चारात एक असते.