गर्भपातानंतरचं पत्र

नवव्या आठवड्यात गर्भ गेलेल्या जोडप्याला डॉक्टरांनी लिहिलेलं पत्र उपचारांपासून सुरू होऊ नये. "तुमचं बाळ गेलं, याचं फार वाईट वाटतं. जिना चढल्यामुळे किंवा धावपळीमुळे हे घडलेलं नाही. सुरुवातीच्या बहुतेक गर्भपातांमागे गुणसूत्रांतला दोष असतो." घरात कुजबुज सुरू होण्याआधी दोघांनीही हे वाचायला हवं.

मग काळजी, तीही स्पष्ट शब्दांत. रक्तस्राव साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागला, ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी आली, तर रात्रीही रुग्णालय गाठावं. तीन आठवड्यांनी लघवीची गर्भचाचणी करावी. ती अजून पॉझिटिव्ह आली तर पुन्हा तपासणी लागते.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदी लागू असलेल्या नोकरीत गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठीचा दाखला पत्रालाच जोडावा.