हप्त्याची तारीख कोणती असावी?

कर्ज काढताना व्याजाचा दर आपण बारकाईने पाहतो. हप्त्याची तारीख मात्र कारकून सुचवील तीच मान्य करतो. वस्तुतः महिन्याकाठी घरात ओढाताण होणार की नाही, हे पुष्कळदा या तारखेवरच ठरते.

समजा, एक केंद्रीय कर्मचारी आहे. त्याचे वेतन महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी जमा होते. म्हणून त्याने हप्त्यासाठी १ तारीख निवडली. अकरा महिने सर्व सुरळीत चालले. परंतु मार्चचे वेतन नियमानुसार एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी मिळते. त्यातच १ एप्रिल हा बँकांच्या वार्षिक हिशेबाचा दिवस. पुढे रविवार वा सण आला, तर वेतन ३ किंवा ४ तारखेवर जाते. हप्त्याची वसुली मात्र थांबत नाही. कारण १ ऑगस्ट २०२१ पासून आपोआप वसुलीची ‘नॅच’ यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालू असते. खात्यात शिल्लक अपुरी असली की हप्ता परत जातो. मग धनको संस्था दंड आकारते, आपली बँकही बहुधा वेगळे शुल्क कापते आणि थकबाकी राहिल्यास कर्जफेडीच्या नोंदीवर डाग पडतो.

म्हणून वाचकहो, प्रथम पासबुक उघडा आणि मागील बारा महिन्यांत वेतन कोणकोणत्या तारखांना जमा झाले, ते लिहून काढा. त्यांची सरासरी काढू नका. सर्वांत उशिराची तारीख धरा आणि तीत दोन-तीन दिवस मिळवा. वरील कुटुंबासाठी ७ तारीख योग्य ठरेल. वसुली बहुधा सकाळीच होते. तेव्हा रक्कम आदल्या संध्याकाळीच खात्यात हवी. याउलट २० किंवा २५ तारीखही नको. तोवर वेतन घरखर्चात विरून जाते.

चालू कर्जाची तारीखही अर्ज करून बदलता येते का, हे संस्थेस विचारावे. काही संस्था ठराविक तारखांतूनच निवड करू देतात. वाढीव दिवसांचे व्याज मात्र द्यावे लागते. ५,००,००० रुपये बाकी आणि दर ९ टक्के असल्यास एका दिवसाचे व्याज सुमारे १२३ रुपये होते; १ ची तारीख ७ वर नेल्यास सुमारे ७४० रुपये, तेही एकदाच.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अर्ज दिला म्हणजे तारीख बदलली, असे नव्हे. नव्या तारखेचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत जुन्या तारखेसही पैसे तयार ठेवावेत, आणि पहिल्या महिन्यात दोन्ही तारखांना वसुली झाली नाही ना, हे पासबुकात पडताळून पाहावे.