तांब्याच्या हंड्यातले हिशेबात न येणारे इलेक्ट्रॉन

घरातला तांब्याचा हंडा घ्या. त्यातला प्रत्येक अणू साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन देतो आणि त्या इलेक्ट्रॉनांमुळेच तांब्यातून वीज वाहते. मग हंडा तापताना त्यांनीही उष्णतेतला आपला वाटा घ्यायला हवा. पण ते तो जवळजवळ घेतच नाहीत. भौतिकशास्त्राला हे कोडे सुटायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

1819 मध्ये द्युलाँ आणि पती यांनी दाखवले की घन मूलद्रव्यांची एका मोलची उष्माधारकता दर केल्विनला 25 ज्यूलच्या आसपास असते. ही सगळी उष्णता अणूंच्या थरथरण्यातच खर्ची पडते. 1900 मध्ये द्रूदे यांनी धातूतले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे मानले. तसे असते तर त्यांच्यामुळे आणखी साडेबारा ज्यूल वाढायला हवे होते. प्रत्यक्षात तांबे 24.5 वरच थांबते.

1926 मध्ये फर्मी आणि डिरॅक यांनी नवे सांख्यिकी नियम मांडले आणि 1928 मध्ये सोमरफेल्ड यांनी ते धातूंना लावले. एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन बसतो, त्यामुळे शून्य तापमानालाही पातळ्या खालपासून भरत जातात. सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीची ऊर्जा म्हणजे फर्मी ऊर्जा. तांब्यात ती सुमारे 7 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे तापमानाच्या भाषेत 80,000 केल्विनच्या वर. 300 केल्विनला मिळणारी उष्ण ऊर्जा मात्र जेमतेम 0.026 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खच्चून भरलेल्या एसटीत मधल्या प्रवाशाला हलता येत नाही, दाराशी उभा असलेलाच सरकू शकतो. तसे फर्मी पातळीजवळचे मोजके इलेक्ट्रॉनच उष्णता घेऊ शकतात.

तापमान दुप्पट केले तर असे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात आणि प्रत्येकाची वाढीव ऊर्जाही दुप्पट होते. म्हणजे एकूण ऊर्जा तापमानाच्या वर्गाने वाढते आणि उष्माधारकता सरळ तापमानाच्या प्रमाणात. तांब्यासाठी मोजलेला गुणक γ आहे दर मोलला, दर केल्विन-वर्गाला 0.695 मिलिज्यूल. 300 ने गुणले की 0.21 ज्यूल येतात, एकूण उष्माधारकतेच्या एक टक्क्याहूनही कमी.

इतका लहान वाटा खोलीच्या तापमानाला वेगळा काढणे अवघडच. म्हणून 1930 च्या दशकात लायडनला कीसोम आणि कोक यांनी द्रव हेलियमच्या थंडीत मोजमाप केले. तिथे अणूंचा वाटा तापमानाच्या घनाने घसरतो, इलेक्ट्रॉनांचा मात्र सावकाश:

C = γT + AT³

दोन्ही बाजू T ने भागून T² समोर आलेख काढला की सरळ रेषा मिळते. तिचा उभ्या अक्षावरचा छेद म्हणजे γ. तांब्यात 3.8 केल्विनच्या सुमारास दोन्ही वाटे समान होतात आणि 1 केल्विनला इलेक्ट्रॉनांचा वाटा चौदा पटींहून मोठा असतो. नमुन्यात चुंबकीय अशुद्धी असेल तर रेषा खालच्या टोकाला वाकते, मग छेदावर विश्वास ठेवता येत नाही.

मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गणिताने मात्र γ 0.5 च येतो. मोजलेला आकडा चाळीस टक्के जास्त आहे, कारण इलेक्ट्रॉन जाळीतल्या अणूंशी आणि त्यांच्या कंपनांशी जोडलेले असतात. सोमरफेल्डच्या सूत्राची मर्यादा इथे दिसते.

मोकळे इलेक्ट्रॉन कमी असले की γ ही लहान होतो: बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो आणि त्याचा γ तांब्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे.