बेसमेंटमधला खरा उजेड

गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, संध्याकाळच्या प्रकाशातली इमारत अशी चित्रं असतात आणि ती बहुधा डोळ्यांना पटतात. बेसमेंट पार्किंगचं चित्र मात्र एका नजरेत खोटं वाटतं. ही सगळी रेंडर, म्हणजे संगणकात इमारतीचं त्रिमित मॉडेल बांधून त्यावर प्रकाशाचा हिशेब करून काढलेली फोटोसारखी चित्रं. बाहेरच्या दृश्यात सूर्य, आकाश आणि झाडं करणाऱ्याच्या कितीतरी चुका पोटात घालतात. तळमजल्याखाली यातलं काही नसतं. काँक्रीट, रंगाच्या पट्ट्या आणि ट्यूबलाइट, एवढंच भांडवल. त्यातून विश्वास बसेल असं चित्र काढणं म्हणूनच या धंद्यातली कठीण परीक्षा समजली जाते.

पुण्यात कुठेही सापडेल असं एक साधं बेसमेंट डोळ्यांसमोर ठेवू. एका गाडीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा. दोन कॉलमांच्या मध्ये तीन गाड्या, म्हणजे साडेसात मीटर मोकळी जागा. साठ सेंटीमीटरचा कॉलम धरला, तर एका कॉलमच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 8.1 मीटर होतात. मधला रस्ता सहा मीटरचा, दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील असा. हे आकडे सौंदर्यासाठी नसून गाडी वळावी आणि दार उघडावं म्हणून ठरलेले असतात. चित्रकाराने डोळ्याला बरं दिसतं म्हणून कॉलम सहा मीटरवर उभे केले, की त्यांच्यामध्ये दोनच गाड्या नीट बसतात. तिसरी पट्टी आखली तर ती चिमटलेली दिसते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण रोज गाडी लावणाऱ्या माणसाचं अंग ते ओळखतं.

रॅम्पची गोष्ट याहून सरळ आहे. बेसमेंट 3.6 मीटर खाली असेल आणि रॅम्पचा उतार एकास दहा असेल, तर छत्तीस मीटर लांबी लागते. पण सपाट रस्त्यावरून एकदम या उतारावर आलं तर गाडीचं पोट घासतं. म्हणून वर आणि खाली तीन-तीन मीटरचा एकास वीसचा सौम्य उतार देतात. त्या सहा मीटरांत गाडी फक्त तीस सेंटीमीटर उतरते आणि उरलेल्या 3.3 मीटरना तेहेतीस मीटर लागतात. एकूण एकोणचाळीस. चित्राच्या चौकटीत मावावा म्हणून रॅम्प वीस मीटरवर आणला, तर उतार जवळजवळ दुप्पट होतो आणि तो गाडीसाठी बांधलेला न वाटता घसरगुंडी वाटतो. लांब रॅम्प मावत नसेल, तर कॅमेरा वळवावा आणि त्याचा तळाचा तुकडाच दाखवावा. तिथे काँक्रीटमध्ये कापलेल्या आडव्या खाचा असतात, पावसाचं पाणी अडवायला लोखंडी जाळीचं गटार असतं आणि टायर वळून वळून झालेले काळे कमानदार डाग असतात. रॅम्प ओळखायला तेवढं पुरतं.

आता उजेड. बेसमेंटचा प्रकाश ‘कठोर’ दाखवायचा म्हणजे दिवे जास्त तेज करायचे, असा समज आहे. प्रत्यक्षात हा कठोरपणा तेजातून येत नाही. तो येतो दिव्यापासून दूर जाताना उजेड किती झपाट्याने गळतो त्यातून.

आपल्याकडची नेहमीची चार फुटी एलईडी ट्यूब वीसेक वॅटची असते आणि साधारण 2000 ल्युमेन प्रकाश देते. ती जमिनीपासून 2.4 मीटरवर लावली, तर तिच्या बरोबर खाली जमिनीवर शंभरच्या आसपास लक्स उजेड पडतो. चार मीटर बाजूला सरका. तिथे त्याच ट्यूबचा थेट प्रकाश आठ-दहा लक्सच उरतो, कारण अंतर वाढलेलं असतं आणि किरण तिरपेही झालेले असतात. वर छत बुटकं. त्यामुळे उजेडाची तळी आणि त्यांच्यामधला अंधार हा बेसमेंटचा स्वभावच आहे. युरोपातल्या EN 12464-1 या मानकात पार्किंगसाठी सरासरी 75 लक्स सांगितले आहेत. त्याचा हिशेब केला आणि निम्मा प्रकाश भिंती, छत आणि धूळ खाते असं धरलं, तर तेरा चौरस मीटरला एक ट्यूब लागते. गाडीची जागाच साडेबारा चौरस मीटरची, तेव्हा जवळजवळ गाडीमागे एक ट्यूब झाली आणि रस्त्याच्या वेगळ्या. आपल्या किती सोसायट्यांत एवढ्या ट्यूब चालू असतात, हे वाचकांनी आज गाडी काढताना मोजून पाहावं. बहुतेक ठिकाणी रस्त्यावर एक रांग असते, आणि त्यातलीही एखादी मिणमिणत असते.

चित्रात नेमकं उलट घडतं. अंधार दिसला, की करणारा घाबरून दिव्यांशिवाय एक सगळीकडून येणारा प्रकाश टाकतो. तळी भरून निघतात, गाडीखालची काळी सावली करडी होते आणि गाड्या जमिनीवर टेकलेल्या न वाटता तरंगू लागतात. मोफत मिळणाऱ्या आणि म्हणून खूप वापरल्या जाणाऱ्या ब्लेंडरमध्ये आणखी एक फसवणूक आहे. तिथे दिव्याची ताकद वॅटमध्ये लिहायची असते, पण हा वॅट विजेच्या बिलातला नव्हे. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ती ऊर्जा आहे. खोक्यावरचा वीसचा आकडा तिथे टाकला, की ट्यूब खरीपेक्षा कितीतरी प्रखर होते आणि मग बाकीचं सगळं तिच्याशी जुळवून घेत बसावं लागतं.

सावल्यांनाही दिशा असते. ट्यूब चार फूट लांब आणि जेमतेम इंचभर रुंद. त्यामुळे ट्यूबला समांतर असलेल्या कडांची सावली धारदार पडते, आणि ट्यूबला काटकोनात असलेल्या कडांची सावली पसरट, मऊ. एकाच गाडीच्या सावलीची एक कड सुरीसारखी आणि दुसरी विरघळलेली दिसते ती यामुळे. चित्रात ट्यूबऐवजी बिंदूसारखा दिवा ठेवला, की सगळ्या कडा सारख्याच धारदार होतात आणि जागा नाटकाच्या रंगमंचासारखी दिसते.

थेट प्रकाशानंतर येतो भिंती-जमिनीवरून उसळलेला प्रकाश. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1984 मध्ये रंगीत भिंतींचा एक साधा डबा घेऊन हाच हिशेब संगणकाला शिकवला. तो डबा या क्षेत्रात आजही ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून चाचणीला वापरतात. करडं काँक्रीट त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला तीसेक टक्केच परत फेकतं. चार वेळा उसळल्यावर शंभरातला एक भागही उरत नाही. पांढरा रंग ऐंशी टक्के परत देतो आणि चार उसळ्यांनंतरही चाळीस टक्के शिल्लक ठेवतो. म्हणजे छताला चुना आहे की उघडं काँक्रीट, यावर अख्ख्या चित्राचा उजेड ठरतो. काँक्रीट जरा फिकं ‘छान’ दिसावं म्हणून त्याचा रंग साठ-सत्तर टक्क्यांवर नेला, की बेसमेंटचं हॉस्पिटल होतं.

जमिनीचा प्रश्न निराळा. ट्रिमिक्सची घोटलेली जमीन वरून पाहिली तर करडी आणि निस्तेज असते. गुळगुळीत पृष्ठभागावरून सरळ पाहताना जेमतेम चार टक्के प्रकाश आरशासारखा परततो. पण दीड मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्यातून साडेआठ मीटर पुढची जमीन पाहिली, तर नजर इतकी तिरपी असते, की हाच आकडा चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. जमीन खडबडीत असल्यामुळे ट्यूबचं प्रतिबिंब स्वच्छ न दिसता आपल्याकडे ओढलेल्या लांब पट्ट्यांसारखं दिसतं. या पट्ट्या सलग असल्या तर जमीन ओली वाटते. तुटक असल्या, टायर जातात तिथे घासून चकाकणाऱ्या आणि कोपऱ्यात धुळीने मेलेल्या, तर ती वापरातली वाटते.

गाड्यांच्या जागांच्या पांढऱ्या पट्ट्या साधारण दहा सेंटीमीटर रुंद असतात. त्या रंगवलेल्या असतात, चिकटवलेल्या कागदाच्या नसतात. रंगाला जाडी जवळजवळ नसते, पण चकाकी जमिनीपेक्षा वेगळी असते. तिरप्या नजरेत ती प्रथम दिसते आणि बहुतेक चित्रांत तीच विसरलेली असते. झीजही हवी तिथेच हवी. रस्त्याच्या बाजूचं पट्टीचं टोक चाकाखाली येतं म्हणून पुसट, भिंतीकडचं टोक ताजं. दिशेचा बाण मध्यापेक्षा चाकांच्या दोन मागांवर जास्त खरवडलेला. कॉलमच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर बंपरच्या उंचीला ओरखडे. सगळीकडे सारखी झीज टाकणाऱ्या तयार पोतांनी मात्र पार्किंग जुनाट दिसतं, वापरलेलं दिसत नाही.

सगळ्यात अवघड जागा रॅम्पचं तोंड. बाहेर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स आणि आत शंभर, म्हणजे हजारपट फरक. कॅमेऱ्याच्या भाषेत दहा स्टॉप. आत शिरताना चालकाला काही क्षण नीट दिसत नाही ते यामुळेच, आणि म्हणून त्याच युरोपीय मानकात ये-जा करण्याच्या रॅम्पवर दिवसा 300 लक्स सांगितले आहेत, रात्री पुन्हा 75. चित्रात रॅम्पच्या तोंडाशी दिवे दाट ठेवले तर ते वास्तवाला धरूनच असतं. पण बाहेरचं आकाश निळंशार आणि आतला कोपराही स्वच्छ, असं दोन्ही एका फोटोत मिळत नाही. तोंड पांढरं पेटू द्यावं. पूर्वी ब्लेंडरमध्ये अशा ठिकाणी रंग कापले जाऊन पिवळी पट्टी हिरवट-जळकी दिसे. 2023 पासून तिथे नेहमीसाठी आलेली AgX ही पद्धत प्रखर रंग हळूहळू फिके करत पांढऱ्याकडे नेते, आणि रॅम्पवर पडलेल्या उन्हाला त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.

रंगाबद्दल एक तक्रार. चित्रपट पाहून रॅम्प निळा आणि दिवे नारिंगी करायची टूम आहे. आपल्याकडच्या ट्यूब बहुधा 6500 केल्विनच्या, म्हणजे उन्हापेक्षाही निळसर. त्यामुळे खऱ्या फोटोत उलट दिसतं: आत थंड पांढरा उजेड आणि रॅम्पवरून उतरणारं ऊन किंचित पिवळसर. मधूनच एखादी बदललेली, जरा उबदार ट्यूब ठेवली तर चालते. दोनहून जास्त नकोत.

हे सगळं जमलं, तरी चित्र गाळून बाहेर काढताना बिघडू शकतं. अनेक छोटे दिवे असलेल्या अंधाऱ्या जागेत संगणकाचा हिशेब अपुरा राहतो आणि चित्रात दाणे उठतात. दाणे पुसणारी सोय ते साफ करते, पण काँक्रीटची छिद्रं आणि रंगाचे ओरखडेही मेणासारखे गुळगुळीत करून टाकते. तपासायचं असेल तर गाडीखालच्या सावलीजवळचा आणि छतातल्या पाइपांमागचा भाग मोठा करून पाहावा. तिथे डाग तरंगताना दिसले, तर पुसणं कमी करून हिशेब जास्त वेळ चालू द्यावा लागतो.

एवढं झाल्यावर बिल्डरचा निरोप ठरलेला असतो: जरा ब्राइट करा. तेव्हा चित्राचं एक्स्पोजर वाढवू नये. मॉडेलमध्ये ट्यूब वाढवाव्यात, तेरा चौरस मीटरला एक या हिशेबापर्यंत, आणि किती वाढवल्या तो आकडा चित्राबरोबर कळवावा. मग तेवढ्या ट्यूब खरोखर लावायच्या आहेत का, हा प्रश्न विजेचं काम पाहणाऱ्याकडे जातो.