एका लुकची खरी किंमत

भाचीचं लग्न साताऱ्यात ठरलं तेव्हा मेकअपची दोन दरपत्रकं माझ्याकडे आली. पुण्याच्या मेकअप आर्टिस्टचं तीन लुकचं पॅकेज ३०,००० रुपयांचं होतं. साताऱ्याची आर्टिस्ट एका लुकचे १३,००० सांगत होती, म्हणजे तीन लुकचे ३९,०००. "मावशी, पुण्याची सरळ नऊ हजारांनी स्वस्त आहे," असं म्हणत भाची ॲडव्हान्स भरायला निघालीच होती. मी तिला थांबवलं आणि आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

पहिली अडचण 'लुक' या शब्दाचीच निघाली. आमचे तीन लुक म्हणजे आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन, लग्न आणि रिसेप्शन. पण लग्नाच्या सकाळी नवरी दोन साड्या नेसते. मंगलाष्टकांना मामाकडची पिवळी अष्टपुत्री असते आणि त्यानंतर सप्तपदीला सासरचा शालू. साडी बदलताना अंबाडा सैल होतो, मुंडावळ्या सरकतात, घामाने नाकाजवळचा बेस फुटतो. हे सगळं नीट करायला माणूस तिथे हवंच. पुण्याच्या पॅकेजमध्ये लग्नाचा लुक नवरी मंगलाष्टकांना उभी राहिली की संपत होता. शालू होईपर्यंत थांबण्याचे ३,००० वेगळे होते. साताऱ्याच्या दरात हे साडी बदलणं धरलेलं होतं. म्हणून किती लुक हे विचारून भागत नाही. प्रत्येक वेळी जुना बेस पुसून नवा लावणार की फक्त टचअप देणार, आणि आर्टिस्ट किती वाजेपर्यंत थांबणार, हेही विचारावं लागतं.

मग ट्रायल. पुण्याला तिचे २,५०० होते आणि ते बिलातून वळते होणार नव्हते. साताऱ्याला २,००० होते, पण बुकिंग केलं तर शेवटच्या बिलातून वजा होणार होते. ट्रायलचे पैसे घेण्यात मला काही गैर वाटत नाही, कारण त्यात आर्टिस्टचे दोन-अडीच तास आणि सामान जातं. आपण मात्र त्या पैशाचा पूर्ण उपयोग करून घ्यायला हवा. फाउंडेशनची छटा हातावर जुळवू देऊ नका. ती जबड्याच्या कडेला, मानेशी जुळायला हवी. काही फाउंडेशन तासाभरात काळपट पडतात, म्हणून मेकअप लगेच धुवू नका. पाच-सहा तास ठेवा, उन्हात बघा, मग अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून फोटो काढा. डोळ्यांखाली पांढरे डाग दिसले तर पावडर बदलायला सांगा, कारण आरशात न दिसणारे हे डाग अल्बममध्ये कायमचे राहतात. मुख्य म्हणजे ट्रायल घेणारी व्यक्तीच लग्नाला येणार का, हे विचारा. 'आमची टीम येईल' हे त्याचं उत्तर नव्हे.

प्रवासाचा हिशेब लवकर झाला. पुण्याहून गाडीचे जाऊन-येऊन ६,००० आणि मुक्कामाच्या खोलीचे २,००० आम्हीच द्यायचे होते. साताऱ्याच्या आर्टिस्टचा असा खर्च शून्य.

आता बेरीज करा. पुण्याचे ३०,०००, त्यात ३,०००, २,५००, ६,००० आणि २,००० मिळवले की ४३,५०० होतात. एक लुक दहा हजारांना वाटत होता, तो पडला साडेचौदा हजारांना. साताऱ्याचा मात्र तेरा हजारांवरच राहिला.

एवढ्यात घरच्या बायकांचा प्रश्न आला. आई, आजी, काकू, वहिनी, धाकटी बहीण आणि मी, अशा सहा जणींना साडी नेसवून केस करून हवे होते. पुण्याला माणशी २,०००, म्हणजे १२,०००. साताऱ्याला एका मदतनीस मुलीचे सकाळपुरते ५,०००, बायका कितीही असोत. इथे पैशापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. साडी आणि केस मिळून एकीला अर्धा तास लागतो, म्हणजे सहा जणींना तीन तास. साडेआठला सगळ्या तयार हव्यात, तर मुलीने साडेपाचला पहिली पिन लावली पाहिजे. मदतनीस एकच असेल आणि बायका दहा असतील, तर पहाटे साडेतीनला सुरुवात करावी लागेल. तेव्हा दुसरीचे पैसे आनंदाने द्यावेत. नाहीतर शेवटच्या दोघी मंगलाष्टकं सुरू झाल्यावर निऱ्या आवरत येतात, आणि बहुतेक वेळा त्यातली एक नवरीची आई असते, कारण ती सगळ्यांना पुढे पाठवते. आम्ही यादीत आईचं नाव सर्वांत वर लिहिलं.

सगळं धरून पुण्याचे ५५,५०० झाले, साताऱ्याचे ४४,०००. साताऱ्याचं काम ट्रायलमध्ये आवडलं म्हणूनच आम्ही ते घेतलं. आवडलं नसतं, तर साडेअकरा हजार जास्त देऊन पुण्याच्या आर्टिस्टला बोलावलं असतं.

ॲडव्हान्स बहुधा परत मिळत नाही. म्हणून तो देण्याआधी लुकची व्याख्या, थांबण्याची वेळ, ट्रायलची वजावट, प्रवास-मुक्काम, मदतनिसांची संख्या, आणि गजरे, पापण्या, गंगावन दरात आहेत की नाहीत, हे सगळं एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये आर्टिस्टकडून लिहून घ्या.