मिनिटाला ५३ मिलिलिटर

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक चित्र मराठी वाचकांच्या चांगलं ओळखीचं आहे. लाकडी घडवंचीवर एकाखाली एक ठेवलेले माठ, त्यांच्या तळाला बारीक भोकं, एकात वाळू, एकात कोळसा. वरून गढूळ पाणी ओतायचं आणि खालच्या माठात नितळ पाणी गोळा करायचं. केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर प्रयोगशाळेत हेच चित्र पुन्हा येतं, फक्त माठाच्या जागी पारदर्शक ॲक्रिलिकचा नळ असतो आणि हातात स्टॉपवॉच. पाणी नितळ झालं का, एवढं विचारून इथे भागत नाही. ते किती वेगाने खाली आलं आणि त्या वेगाने त्यातलं नेमकं काय मागे राहिलं, हे मोजावं लागतं.

दहा सेंटीमीटर आतल्या व्यासाचा एक नळ घेऊ. तळाला १० सेंटीमीटर खडी, त्यावर २० सेंटीमीटर कोळशाचे दाणे, मग नायलॉनची जाळी आणि तिच्यावर ४० सेंटीमीटर वाळू. वाळूवर १० सेंटीमीटर पाणी उभं राहील एवढी जागा. वाळू चाळून घेतलेली, तिचे बारीक दाणे साधारण ०.३ मिलिमीटरचे. समुद्रकाठची वाळू असेल तर त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पाण्यात विरघळून त्याचा जडपणा वाढवतो. चिमूटभर वाळूवर थोडं व्हिनेगर टाकलं आणि बुडबुडे फुटले, तर ती वाळू बाजूला ठेवायची.

भरण्यातच अर्धा प्रयोग बिघडतो. कोरडी वाळू नळात ओतून वरून पाणी सोडलं की दाण्यांमध्ये हवा अडकते. ती सहजी निघत नाही आणि पाण्याचे रस्ते अडवून बसते. म्हणून आधी नळात पाणी घ्यायचं आणि वाळू त्यात हळूहळू सोडायची. कोळशाचं तर आणखी वेगळं. त्याच्या छिद्रांत इतकी हवा असते की कोरडा कोळसा पाण्यावर तरंगतो. तो धुऊन, उकळून रात्रभर भिजत ठेवला तरच जागेवर बसतो. चुलीच्या कोळशात राखही असते, त्यामुळे पहिले काही लिटर पाणी काळपट आणि अल्कधर्मी निघतं.

आता वेग. वाळूतून पाणी किती वाहील याचा नियम १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेल्या हेन्री डार्सी या इंजिनिअरने मांडला. वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून त्याने मोजमापं घेतली. त्याला दिसलं ते असं: वरची आणि खालची पाण्याची पातळी यांतला फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, वाळूचा थर दुप्पट केला की तो निम्मा होतो. हे सूत्र असं लिहितात:

Q = K × A × h / L

यात K म्हणजे वाळूची पाणी जाऊ देण्याची क्षमता. आपल्या दाण्यांसाठी ती ढोबळमानाने सेकंदाला ०.०९ सेंटीमीटर येते. A म्हणजे नळाचं क्षेत्रफळ, ७८.५ चौरस सेंटीमीटर. L म्हणजे वाळूचा थर, ४० सेंटीमीटर. कोळसा आणि खडी भरड असल्यामुळे त्यांचा अडथळा इथे सोडून देऊ. उरला h, पातळ्यांमधला फरक, आणि तो विद्यार्थ्याच्या हातात असतो.

नळाच्या तळाची तोटी सरळ उघडली तर वरच्या पाण्यापासून तळापर्यंतचा सगळा ८० सेंटीमीटरचा फरक कामाला लागतो. मिनिटाला साधारण ८५० मिलिलिटर पाणी धो धो खाली येतं. पण त्याच तोटीला रबरी नळी जोडली, तिचं तोंड वर नेऊन वाळूच्या पृष्ठभागाच्या ५ सेंटीमीटर वर बांधलं, तर फरक राहतो फक्त ५ सेंटीमीटर. प्रवाह सोळापट घटून मिनिटाला ५३ मिलिलिटर होतो. या युक्तीचा दुसरा फायदा असा, की वरून पाणी ओतायचं थांबलं तरी वाळू कोरडी पडत नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ यांनी घरगुती वापरासाठी विकसित केलेल्या वाळूच्या गाळणीत नळीचं तोंड याच कारणासाठी वाळूपेक्षा वर ठेवलेलं असतं.

मिनिटाला ५३ मिलिलिटर म्हणजे पाणी वाळूच्या पृष्ठभागावर तासाला साधारण ४० सेंटीमीटर उतरणार. इतक्या संथपणाची गरज काय, हे वाळूच्या आत डोकावलं की कळतं. ०.३ मिलिमीटरच्या दाण्यांमधल्या फटी साधारण ४० ते ५० मायक्रॉनच्या असतात. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहून लहान. म्हणजे हे कण चाळणीसारखे अडकत नाहीत, वीस माणसं शेजारी शेजारी चालत जातील एवढं दार त्यांच्यासाठी उघडं असतं. ते थांबतात ते वाळूच्या दाण्याला जाऊन चिकटल्यामुळे. पाणी संथ असेल तर कणाला वळणावर दाण्यावर आपटायला, टेकायला सवड मिळते. जोरात असेल तर चिकटलेला कणही सुटून पुढे जातो. त्यात माती आणि वाळू या दोन्हींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. जुन्या घरांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, ती नेमकी इथे उपयोगी पडते: तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मोडतं आणि कण एकत्र येऊन जड होतात.

कोळशाचं काम निराळं आहे. विरघळलेला रंग, वास, काही सेंद्रिय पदार्थ त्याच्या छिद्रांच्या भिंतींना धरून राहतात. त्यासाठी रेणूला आत शिरायला वेळ लागतो. आपल्या थरात कोळशाने व्यापलेली जागा साधारण १,५७० मिलिलिटर. मिनिटाला ५३ मिलिलिटर वेगाने पाणी या जागेत अर्धा तास राहतं, ८५० च्या वेगाने दोन मिनिटंसुद्धा नाही. गाळणी तीच, कोळसा तोच, आणि तरी वर्गातल्या दोन गटांचे निकाल जुळत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा न लिहिलेला हा एक आकडा असतो.

कोळशाची परीक्षा बहुधा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने घेतात. लिटरमागे १० मिलिग्रॅम रंगाचं पाणी सोडायचं आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा निळेपणा ६६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात मोजायचा. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा घाईचा. दगड-वाळूच्या ७० सेंटीमीटरच्या थरात मोकळी जागा ढोबळमानाने ४० टक्के धरली तर तिथे आधीचं सुमारे २.२ लिटर साधं पाणी भरलेलं असतं. ५३ मिलिलिटरच्या वेगाने ते बाहेर ढकलायलाच चाळीस मिनिटं लागतात. रंग सोडल्यावर दहाव्या मिनिटाला धरलेला नमुना स्वच्छ निघतो, कारण तो गाळणी भरतानाच आत राहिलेल्या नळाच्या पाण्याचा असतो. अशा नमुन्यावर शंभर टक्के शुद्धीकरण लिहिलेल्या वह्या कमी नसतील. पाण्याचे दोन-तीन फेरे जाऊ द्यायचे, म्हणजे साधारण दोन तास, आणि मगच नमुने घ्यायला लागायचं.

दुसरा सापळा वाळूचा. मिथिलीन ब्लूवर धन भार असतो आणि वाळूवर ऋण, त्यामुळे काही रंग वाळूच धरून ठेवते. शेवटच्या तोटीचं पाणी पाहून सगळं श्रेय कोळशाला देणं चूक ठरतं. म्हणून वाळू आणि कोळसा यांच्यामध्ये आणखी एक तोटी बसवतात. त्याच जागी उभी काचनळी जोडली तर तिच्यातली पाण्याची उंची पाहून तुंबलंय कुठे हेही कळतं: वाळू तुंबली की ही उंची खाली जाते, कोळसा तुंबला की वर चढते.

रंगाचा प्रयोग तास न् तास चालू ठेवला की एक वेळ अशी येते जेव्हा बाहेरचं पाणी हलकं निळसर व्हायला लागतं. बाहेरची तीव्रता आतल्याच्या दहा टक्क्यांवर गेली की कोळसा फुटला असं मानायचा रिवाज आहे. तोवर गेलेले लिटर मोजले तर कोळशाच्या दर ग्रॅमने किती रंग घेतला ते निघतं. चुलीचा कोळसा इथे लवकर हात टेकतो. वाफेने किंवा रसायनाने प्रक्रिया केलेल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, साध्या कोळशात सहसा त्याहून खूप कमी.

मातीच्या पाण्याची नोंद करतानाही टक्क्यांवर थांबून चालत नाही. समजा गढूळपणा ८० वरून ४ एकक झाला. ९५ टक्के घट! पण भारतीय मानक IS 10500 पिण्याच्या पाण्यासाठी १ एकक ही स्वीकार्य मर्यादा सांगतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५. तापमानही लिहायला हवं. वीस अंशांपेक्षा तीस अंशांचं पाणी पातळ असतं, त्यामुळे सकाळी मोजलेला प्रवाह दुपारी पाऊणपटीने नव्हे तर सव्वापटीने दिसतो, गाळणीत काहीही न बदलता.

आणि काही गोष्टी या नळातून जशाच्या तशा पार होतात. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांतल्या विहिरींना ग्रासणारं फ्लोराइड, खतांतून झिरपणारं नायट्रेट, पाण्याचा जडपणा यांना वाळू अडवत नाही आणि साधा कोळसाही नाही. टीडीएस मीटरचा आकडा दोन्ही टोकांना जवळपास सारखाच येतो.

जंतूंचा हिशेब तर एका प्रॅक्टिकलच्या तीन तासांत मांडताच येत नाही. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गने एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी वापरलं आणि कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसं गेली. शेजारचं आल्टोना शहर त्याच नदीचं, उलट हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं पाणी वाळूतून गाळत होतं आणि बरंचसं वाचलं. या साथीचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट कॉख यांनी वाळूच्या गाळणीसाठी वेगाची मर्यादा सुचवली: तासाला १० सेंटीमीटर. आपल्या नळात ती मिनिटाला फक्त १३ मिलिलिटर होते. शिवाय जंतू मुख्यतः अडतात ते वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरात जमणाऱ्या सजीव, बुळबुळीत थरात. तो जमायला रोज पाणी घालून दोन ते चार आठवडे लागतात, आणि क्लोरीनचं नळाचं पाणी वापरलं तर तो नीट जमतच नाही. नव्याने धुतलेल्या वाळूतून आलेलं नितळ पाणी जंतूंच्या परीक्षेच्या बाटलीत भरून ठेवलं, तर ते एक-दोन दिवसांत काळं पडण्याची शक्यता भरपूर असते. म्हणून सत्र सुरू होतानाच एक नळ भरून खिडकीपासून दूर ठेवतात, त्यात रोज विहिरीचं पाणी घालतात, आणि प्रवाह हळूहळू मंदावत जातो तसा तारखेसह वहीत लिहून ठेवतात.